घर सोडल्यावर येणारी पत्रं

2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही विट्यातलं भाड्याचं घर सोडून कराडला आलो. बायकोची बदली झाली आणि मलाही कराडच्या एका शाळेत जागा मिळाली. सामान टेम्पोत कसं भरलं ते सांगण्यासारखं काही नाही. जुन्या पत्त्यावर पुढे कितीतरी महिने येत राहणाऱ्या पत्रांचं मात्र आधी कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितो.

विट्यात आमच्या पत्त्याला घर नंबर असा नव्हताच. सगळ्या कागदांवर आधी माझं नाव, मग 'द्वारा' म्हणून घरमालकांचं नाव, मग अमुक कारखान्यामागे, विटा, ता. खानापूर, जि. सांगली, 415311. त्यामुळे पोस्टमन आमच्या जिन्यावर कधी चढलाच नाही. खाली मालकांच्या ओसरीवर पत्र द्यायचा आणि ते वर हाक मारायचे. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. घर सोडलं तरी या 'द्वारा'मुळे आमची पत्रं अण्णांच्याच हातात पडणार हे उघड होतं. त्यांनी त्यांचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

सामान आवरताना माळ्यावर जुन्या पाकिटांची एक पिशवी सापडली. बायको रद्दीत टाकायला निघाली होती, मी थांबवलं. आपल्याला पत्र कोण कोण पाठवतं हे त्या पिशवीतून जितकं कळलं, तितकं आठवून कळलं नसतं. दोन बँका होत्याच. शिवाय क्रेडिट कार्डाचं वेगळं कार्यालय, विमा, आरटीओ, भविष्य निर्वाह निधी, आयकर, आणि बायकोच्या माहेरच्या पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस. ही शेवटची तर आम्ही पूर्ण विसरलो होतो. पाकिटांवरून यादी केली आणि ती घेऊन संध्याकाळी खाली गेलो.

अण्णा जुने गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, हे इकडच्या वाचकाला सांगायला नको. अण्णांची उमेद केरळात गेली. म्हणजे स्वतः ते बरीच वर्षं भाडेकरूच होते. मी म्हणालो, "अण्णा, नवा पत्ता देऊन ठेवतो. आमची पत्रं आली तर तेवढी पाठवा."

ते लगेच हो म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "सर, कसली पत्रं? ते सांगा आधी."

मग त्यांनी आमच्या आधीच्या भाडेकरूचं सांगितलं. तो असाच 'पत्र आलं तर कळवा' म्हणून गेला. पुढे त्याच्या कर्जाच्या नोटिसा यायला लागल्या. अण्णांनी भोळेपणाने सह्या करून घेतल्या आणि ठेवून दिल्या. त्याचा फोन लागेना. मग वसुलीची माणसं दारात आली. "तुम्हीच सही केली, म्हणजे माणूस इथंच हाय" म्हणू लागली. अण्णा म्हणाले, "तुमचं तसं न्हाई, मला म्हाईत आहे. पण माझ्या हातात एक कागद पाहिजे. तुम्ही कधी गेला, कुठं गेला आणि मी काय घ्यायचं, काय न्हाई घ्यायचं."

मला ते पटलं. आपण फक्त आपल्या पत्रांचा विचार करतो. सही मालकाची जाते.

माझा एक मित्र विट्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याला विचारलं तेव्हा त्याने अण्णांची भीती खरी असल्याचं सांगितलं. सर्वसाधारण खंड अधिनियम म्हणून 1897 चा कायदा आहे. त्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे, बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस ही पोचली असं धरलं जातं. पोचली नाही हे दाखवायचं ओझं मग आपल्यावर. त्यामुळे बँकेकडे किंवा सरकारी कार्यालयात आपला जुनाच पत्ता असेल आणि नोटीस तिकडे गेली, तर 'आम्ही तिथे राहत नव्हतो' हे नंतर पटवत बसावं लागतं. मालकाला पत्ता देऊन ठेवणं ही मधल्या काळाची सोय आहे. खरं काम ज्याच्या त्याच्याकडे पत्ता बदलण्याचं.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कागदावर दोन प्रतींत लिहिलं. अण्णांनी एकीवर सही करून मला परत दिली. मजकूर साधारण असा होता:

"आम्ही आपले घर 31 मे 2025 रोजी रिकामे करून चावी दिली आहे. यापुढील आमचा पत्ता खाली दिला आहे. आमच्या नावाने येणारी टपाल खात्याची साधी व स्पीड पोस्टची पत्रे 31 डिसेंबर 2025 पर्यंत आपण आमच्या वतीने घ्यावीत, ही विनंती. पाकीट उघडू नये. बाहेरील बाजूचा फोटो पाठवावा. बँक व सरकारी कार्यालयांची पत्रे बंद स्थितीत ठेवून आम्हास कळवावे. न्यायालयाचे समन्स, वसुलीची नोटीस किंवा ओटीपी मागणारे पार्सल घेऊ नये. आमचा नवा पत्ता व फोन आणणाऱ्यास सांगावा. या मुदतीनंतर आलेली पत्रे 'घर सोडून गेले' असे सांगून परत करावीत."

खाली नवा पत्ता देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत, दोन्ही. कराडचा पिन 415110. दोघांच्या सह्या, दोघांचे फोन. आधारची झेरॉक्स अण्णांना हवी होती. मी दिली नाही आणि का नाही ते सांगितलं. ओळख पटवायला सही पुरते. आधारची प्रत कपाटात पडून राहिली की पुढे ती कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही.

समन्सचं वाक्य वकील मित्राच्या सांगण्यावरून घातलं. कोर्टाचं काही आमच्यावर नव्हतं, पण अण्णांची धास्ती त्या एका ओळीने गेली. ओटीपीचं माझं मी घातलं. कार्ड पोचवणारे हल्ली फोनवर आलेला आकडा विचारतात. मालकाने फोन करून 'आकडा सांगा' म्हणायचं आणि आपण सांगायचा, ही सवयच लावून घ्यायला नको. उद्या मालकाच्या नावाने दुसराच कुणी फोन करेल.

कागदासोबत काही मोठी रिकामी पाकिटं दिली. त्यांवर कराडचा पत्ता आधीच लिहिला होता. स्पीड पोस्टसाठी थोडे पैसेही ठेवले. अण्णा घेत नव्हते. काकूंनी घेतले.

मग पोस्टात गेलो. टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवायची सोय पोस्टाची स्वतःची आहे, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. जिथून आपल्या जुन्या घरी पत्रं वाटली जातात त्या पोस्टात लेखी अर्ज द्यायचा. जुना पत्ता, नवा पत्ता, कोणत्या तारखेपासून, आणि घरातल्या ज्या ज्या मोठ्या माणसाच्या नावाने पत्र येतं त्या प्रत्येकाची सही. बायकोची सही राहिली असती तर फक्त माझीच पत्रं वळली असती. खिडकीवरच्या बाईंनी हे स्वतःहून सांगितलं, म्हणून बरं झालं. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. हा अर्ज कायमचा नसतो, काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो. आणि कुरिअरला तो लागू नाही. कुरिअरवाला पोस्टाचं ऐकत नाही, तो पाकिटावरच्या पत्त्यावरच जाणार.

साध्या पत्राची एक सोपी रीतही तिथेच कळली. मालकाच्या हातात आमचं साधं पत्र पडलं, तर त्यांनी ते उघडायचं नाही. जुना पत्ता एका रेघेने खोडायचा, शेजारी नवा लिहायचा आणि लगेच पेटीत टाकायचं. तिकीट पुन्हा लागत नाही. आठवडाभर टेबलावर ठेवून मग टाकलं तर ही सवलत धरू नये. पतसंस्थेची नोटीस आम्हाला अशीच आली. अण्णांच्या अक्षरातला कराडचा पत्ता पाहून आम्ही दोघं हसलो, कारण गल्लीचं नाव त्यांनी आपल्या मनाने सुधारलं होतं. तरी पोचली.

स्पीड पोस्टचं वेगळं. तो पत्त्यावर सापडेल त्या माणसाकडे द्यायचा आणि रजिस्टर पत्र मात्र नावाच्या माणसाकडे किंवा त्याने नेमलेल्याकडे, असा फरक पूर्वी होता. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात मिळवून टाकली. नावाच्याच माणसाला देण्याची सोय आता पाठवणाऱ्याने जादा पैसे भरले तर मिळते. तसं पाकीट आलं तर अण्णांना आमच्या कागदाचा उपयोग झाला असता, कारण 'आमच्या वतीने घ्यावीत' हे त्यात लिहिलं होतं. प्रत्यक्षात तशी वेळ आली नाही. पासपोर्ट मात्र यात धरू नका. तो ज्याचा त्यालाच ओळखपत्र पाहून देतात. माणूस सापडला नाही तर पासपोर्ट कार्यालयात परत जातो. घर बदलायचं असेल आणि पासपोर्टचा अर्ज वाटेत असेल, तर आधी तो हातात येऊ द्यावा.

जूनमध्ये सगळं ठीक चाललं. जुलैत बिघडलं.

माझ्या क्रेडिट कार्डाची मुदत संपत आली होती. बचत खात्याच्या शाखेत मी पत्ता बदलायचा अर्ज दिला होता आणि त्याची पोच माझ्याकडे होती. त्याच बँकेचं कार्ड असल्यामुळे तिथेही पत्ता बदलला असेल असं शाखेतल्या माणसानेच मला सांगितलं. तसं नव्हतं. कार्डाचं काम वेगळ्या कार्यालयात चालतं आणि तिथली नोंद वेगळी असते. नवं कार्ड छापलं गेलं आणि कुरिअरने विट्याला निघालं.

ज्या दिवशी कुरिअरवाला आला त्या दिवशी अण्णा आणि काकू लग्नाला गेले होते. वर नवे भाडेकरू होते, यंत्रमागावर काम करणारं कुटुंब. त्यांनी खरं ते सांगितलं: "ते इथं राहत न्हाईत." कुरिअरवाल्याने तसं नोंदवलं आणि पाकीट परत गेलं. यात कुणाची चूक काढणार? कागद मी मालकांना दिला होता. दार उघडणारा माणूस दुसराच होता.

मला हे कळलं ते 'आपले कार्ड पोचवता आले नाही' असा संदेश आला तेव्हा. ग्राहक सेवेला फोन केला. परत गेलेलं कार्ड पुन्हा पाठवत नाहीत, नष्ट करतात आणि नवं छापतात. पण नवं छापायच्या आधी पत्ता बदलावा लागतो, आणि पत्ता बदलायला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे आधार. आधारवर तेव्हाही विटाच होतं. इथे आम्ही अडकलो. मी फोनवर थोडा चिडलो, त्याने काही झालं नाही.

सुटका झाली ती कराडच्या घरमालकांनी भाडेकरार नोंदवून दिल्यामुळे. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. तरी लहान गावांत पुष्कळ जण शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून भागवतात. विट्यात आमचंही तसंच होतं आणि कधी अडलं नव्हतं. पण आधारचा पत्ता भाडेकरारावर बदलायचा तर नोंदणी केलेला करार उपयोगी पडतो. करार आला, त्यावर आधारचा पत्ता बदलला, मग आधार दाखवून कार्डाचा. हाच क्रम ठेवला तर धावपळ कमी होते. आधी करार, मग आधार, मग बाकी सगळे.

बँकेच्या बाबतीत एक गोष्ट माहीत असलेली बरी. केवायसी नव्याने करताना फक्त पत्ता बदलला असेल, तर बँक ग्राहकाचं लेखी निवेदन घेते आणि दोन महिन्यांच्या आत तो पत्ता खरा आहे का ते पडताळते. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. पडताळणी अनेकदा नव्या पत्त्यावर पत्र पाठवूनच होते. म्हणून नव्या घराच्या दारावर आपलं नाव असायला हवं. आमच्या कराडच्या दारावर जुन्या भाडेकरूची पाटी होती. मी आमच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना आडनाव सांगून ठेवलं. दुसऱ्या बँकेचं पत्र त्यांच्याच हाती आलं.

कार्डाच्या भानगडीनंतर विट्याला गेलो तेव्हा वरच्या भाडेकरूंना भेटलो. बाई ओशाळल्या होत्या. मी म्हणालो, तुम्ही बरोबरच सांगितलंत, फक्त पुढच्या वेळी 'खाली मालकांना विचारा' एवढं म्हणा. एका कागदावर माझं नाव आणि फोन लिहून त्यांच्या दारामागे चिकटवला. पत्ता लिहिला नाही. पत्ता फक्त अण्णांकडे. दारात येणाऱ्या कुणालाही आपला नवा पत्ता मिळावा असं मला वाटत नाही, आणि ज्याला खरंच काम असेल तो फोन करतोच.

ऑगस्टमध्ये ही व्यवस्था कामी आली. माझ्या स्कूटरचं कर्ज फिटलं होतं. बँकेचा बोजा उतरवलेलं नवं आरसी कार्ड आरटीओकडून टपालाने यायचं होतं. अर्ज आम्ही विट्यात असतानाच केला होता, म्हणून त्यावर विट्याचाच पत्ता, आणि पोस्टात अर्ज देऊनही ते तिकडेच गेलं. अण्णांचा फोन आला, "सर, सरकारी पाकीट आहे. घट्ट कायतरी लागतंय आत." फोटो आला. पाठवणाऱ्याचं कार्यालय आणि पाकिटावरचा क्रमांक दोन्ही दिसत होतं. असं पाकीट न घेता परत गेलं असतं तर ते आरटीओत जाऊन शोधावं लागलं असतं.

अण्णांनी विचारलं, "कराड यष्टीच्या ड्रायव्हरकडे देऊ का? संध्याकाळपर्यंत मिळंल." आमच्याकडे डबे, औषधं, चाव्या, सगळं एसटीने जातं आणि बहुतेक वेळा पोचतंही. मी नको म्हणालो. हरवलं तर विचारायचं कुणाला? काकूंनी मी दिलेल्या मोठ्या पाकिटात ते बंद पाकीट तसंच घातलं आणि स्पीड पोस्ट केलं. पावतीचा फोटो पाठवला. त्यावरच्या क्रमांकावरून पाकीट कुठे आहे ते दिसत राहिलं आणि ते नीट पोचलं.

गाडीच्या पत्त्याचं मात्र वेगळं लक्षात ठेवायचं. राहण्याचं ठिकाण बदललं की 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं, असं मोटार वाहन कायदा सांगतो. ई-चलनाची नोटीसही नोंदीतल्या पत्त्यावर जाते. नोंदीतला फोन नंबर जुना असेल तर संदेशही येत नाही आणि पत्रही मिळत नाही.

आयकराची काळजी मला सगळ्यात जास्त होती, पण तिथे कागद जवळजवळ आलाच नाही. जे यायचं ते ईमेलवर आणि त्यांच्या संकेतस्थळावरच्या खात्यात. तरी पॅनच्या नोंदीतला पत्ता आणि त्या खात्यातला पत्ता, दोन्ही बदलून घेतले.

दिवाळीला फराळ घेऊन विट्याला गेलो. अण्णांनी टीव्हीमागून पाकिटांचा एक छोटा गठ्ठा काढला. त्यात जाहिराती होत्या, जुन्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याची लग्नपत्रिका होती आणि एका वर्गणीचं स्मरणपत्र होतं. ही त्यांनी कळवली नव्हती, कारण बँकेची किंवा सरकारी नव्हती. कागदात मी तेवढंच लिहिलं होतं आणि ते कागदाप्रमाणे वागले. लग्न होऊन गेलं होतं. त्या विद्यार्थ्याला मी फोन केला.

डिसेंबर संपताना मी अण्णांना फोन करून मुदत संपल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या की, येईल ते घेतो." मी नको म्हणालो. नाहीतर जुना पत्ता कुठे कुठे राहिला आहे हे आम्हाला कळणारच नाही. आता पोस्टमन आमचं पत्र 'घर सोडून गेले' शेरा मारून परत नेतो, आणि परत गेलं की पाठवणाऱ्याला समजतं.

अजून फक्त विमा कंपनीचं पत्र विट्यालाच जातं. पत्ता बदलायचा अर्ज दिला आहे, पोच आहे, नोंद झालेली नाही. हप्त्याची तारीख मी स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.